नोंदवलेला नंबर बंद पडल्यावर : आयकर पोर्टलच्या खात्यात परत कसे शिरायचे

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर जे प्रश्न आले, त्यातले निम्मे एकाच गोष्टीचे होते. ‘ओटीपी ज्या नंबरवर जातो तो नंबर आता आमच्याकडे नाही, मग काय करायचं?’ सगळ्या सरकारी पोर्टलांबद्दल एकदम बोलायला गेलो तर हाती काहीच लागणार नाही. म्हणून आज आपण एकच पोर्टल घेऊ, आयकर विभागाचं ई-फायलिंग. तिथे अडकलेल्यांचं नुकसान थेट पैशात होतं आणि मुदतीही कडक असतात. शिवाय या पोर्टलचा गुंता नीट समजला की बाकीच्या पोर्टलांचा बराचसा उलगडा आपोआप होतो.

आम्ही काही मंडळी शनिवारी संध्याकाळी वाचनालयात अशा कामांना मदत करायला बसतो. तिथे आलेलं एक प्रकरण आज शेवटपर्यंत बघू. ७१ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांना आपण बाई म्हणू, गावात सगळे तेच म्हणतात. मुदत ठेवीच्या व्याजावर बँकेने बारा हजार रुपये टीडीएस कापला होता. रिटर्न भरून झालं होतं, पण परतावा येत नव्हता. रिटर्न भरणारे कर सल्लागार जुलैत काम आटोपून मुलाकडे परदेशी गेले आणि त्यांचा इथला नंबर बंद झाला. पासवर्ड त्यांच्याकडे होता. खातं उघडताना मोबाइल नंबर आणि ईमेलसुद्धा त्यांनी स्वतःचाच टाकला होता. यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. शंभर अशिलांचे ओटीपी शंभर जणांना फोन करून मागण्यापेक्षा आपल्याच फोनवर आलेले बरे, असा तो हिशोब असतो. असा हिशोब गावोगाव चालतो, आणि सल्लागाराचा फोन लागतोय तोवर कुणाच्या काही लक्षात येत नाही.

आता मूळ मुद्दा. ओटीपी म्हणजे तुमची ओळख नव्हे. ‘हा फोन आत्ता या माणसाच्या हातात आहे’ एवढंच त्यातून कळतं. फोन गेला की तो पुरावा संपला. मग वेबसाइटशी झगडत बसण्यात अर्थ नसतो, कारण तिला तुम्ही दिसत नाही. अशा वेळी तुम्हाला दुसऱ्या एखाद्या पुराव्यावर, म्हणजे बोटाच्या ठशावर, चेहऱ्यावर, सहीवर किंवा कागदावर, ओळखू शकेल अशी एखादी जागा शोधायची. तिथे नंबर दुरुस्त करायचा आणि मग पोर्टलकडे परत यायचं. अशा जागा तीन आहेत : मोबाइल कंपनीचं दुकान, आधार केंद्र आणि बँकेची शाखा. कुठल्या दाराने जायचं हे ठरवण्याआधी नेमका कोणता नंबर कुठे नोंदवलेला आहे, ते पाहावं लागतं. लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

बाईंच्या बाबतीत आम्ही तेच आधी केलं. पोर्टलवर Login दाबून पॅन टाकला. या पोर्टलवर पॅन हाच युजर आयडी असतो. पुढच्या पडद्यावर Forgot Password घेतलं. तिथे पासवर्ड बदलण्याचे मार्ग दिसतात : पोर्टलवर नोंदवलेल्या मोबाइल-ईमेलवर ओटीपी, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी, किंवा डिजिटल सही. पहिला मार्ग निवडला की नंबर आणि ईमेल अर्धवट झाकलेले दिसतात. पहिली-शेवटची काही अक्षरं उघडी असतात. बाईंनी लगेच ओळखलं, ‘हा तर आपल्या सल्लागारांचाच!’ म्हणजे ते दार बंद. डिजिटल सही त्यांच्याकडे नव्हती, साध्या माणसाकडे ती नसतेच. राहिला आधारचा मार्ग.

आधारमध्ये कोणता नंबर आहे हे बाईंना आठवेना. हे बघायला केंद्रावर जावं लागत नाही. myAadhaar या संकेतस्थळावर आधार क्रमांक तपासण्याची सोय आहे. लॉगिन न करता आधार क्रमांक आणि पडद्यावरची अक्षरं टाकली की वयोगट, लिंग, राज्य आणि जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन अंक दिसतात. बाईंनी तीन अंक पाहिले आणि थोडा वेळ गप्प बसल्या. तो त्यांच्या यजमानांचा नंबर होता. आधार काढलं तेव्हा घरात मोबाइल एकच होता. यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्यांचं सिम कुणी रिचार्ज केलं नव्हतं.

इथे सिमबद्दल थोडं सविस्तर बोलू, कारण बऱ्याच जणांचा प्रश्न याच पायरीवर सुटू शकतो. ट्रायच्या नियमानुसार प्रीपेड नंबर किमान ९० दिवस अजिबात वापरला नाही तरच कंपनी तो बंद करू शकते. त्यातही खात्यात २० रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर बंद करता येत नाही. बंद झाल्यावरही १५ दिवसांची सवलत असते, त्या काळात ठरलेली रक्कम भरून तोच नंबर परत चालू करून मिळतो. म्हणून सिम नुकतंच बंद पडलं असेल, हरवलं असेल किंवा फोनसकट चोरीला गेलं असेल, तर आधार केंद्राचा विचारही करू नका. आधी ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात जा आणि त्याच नंबरचं नवं सिम घ्या. एकच लक्षात ठेवा. सिम बदलून घेतल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद असतात. चोरांनी परस्पर सिम बदलून बँक खाती रिकामी करू नयेत म्हणून दूरसंचार विभागाने तसा आदेश दिला आहे. लोक दुकानातून घरी येतात, दहा वेळा ओटीपी मागवतात, तो येत नाही, आणि पोर्टल बिघडलंय असं समजतात. एक दिवस थांबा, येईल.

पण सिम ज्याच्या नावावर, त्यालाच ते मिळतं. बाईंच्या यजमानांचा नंबर बंद होऊन तीन वर्षं झालेली. इतक्या काळात कंपनी तो नंबर दुसऱ्याला देऊन टाकते, बंद झाल्यापासून ९० दिवस थांबलं की तशी मुभा असते. आम्ही लावून पाहिला तर कुणीतरी अनोळखी माणसाने उचलला. म्हणजे बाईंच्या आधारचा ओटीपी त्या माणसाच्या फोनवर जाणार होता. तो भला असेलही. पण त्याला फोन करून ‘दादा, एक कोड आलाय, सांगता का’ असं विचारायचं नाही. त्याच्या दृष्टीने तुम्हीच ठग आहात, आणि तुमच्या दृष्टीने तो कोण हे तुम्हाला माहीत नाही. बाईंच्या पुतण्याने हा उपाय सुचवला होता, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता बँकेचं दार. आयकर पोर्टलवर नेट बँकिंगमधूनही शिरता येतं. तुमच्या बँकेच्या नेट बँकिंगमध्ये लॉगिन करायचं, तिथे ई-फायलिंगचा दुवा असतो, तो दाबला की पासवर्डशिवाय थेट पोर्टलच्या खात्यात पोचता. अट एवढीच, की बँक पोर्टलच्या यादीत हवी आणि खात्याला पॅन जोडलेला हवा. खरं म्हणजे हा सगळ्यात जवळचा रस्ता, आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेला. बँकेत आपला चालू नंबर बहुतेक वेळा नोंदवलेला असतो, नसला तर शाखेत जाऊन अर्ज आणि ओळखपत्र देऊन बदलता येतो. तिथला माणूस तुम्हाला समोर बघतो, सही ताडतो. बाईंकडे बँकेत चालू नंबर होता. पण त्यांचं पेन्शनचं आणि ठेवीचं खातं ज्या बँकेत होतं, तिचं नाव पोर्टलच्या यादीतच नव्हतं. लहान बँकांच्या ग्राहकांची ही अडचण होते. तुमची बँक यादीत असेल, तर मात्र आधारच्या खेपा वाचतील.

मग बाईंना आधार केंद्राशिवाय गत्यंतर उरलं नाही. पण तिकडे पाठवण्याआधी आम्ही आणखी एक गोष्ट तपासली. आधारच्या ओटीपीने आयकराचा पासवर्ड बदलायचा तर पॅन आणि आधार एकमेकांना जोडलेले असावे लागतात. पोर्टलच्या पहिल्याच पानावर Link Aadhaar Status आहे, लॉगिन लागत नाही. दोन्ही क्रमांक टाकले की जोडलंय की नाही ते कळतं. जोडलेलं नसेल आणि तुम्ही आधारमध्ये नंबर बदलून आलात, तरी दार उघडणार नाही आणि खेप फुकट जाईल. बाईंचं जोडलेलं होतं.

सोमवारी सकाळी बाई केंद्रावर गेल्या. नुसता मोबाइल नंबर बदलायला कागदपत्रं लागत नाहीत. आधार क्रमांक आणि तुम्ही स्वतः, एवढं पुरतं. यंत्रावर बोट ठेवून ओळख पटते. वयस्कर माणसांचे, शेतात-भांड्यात राबलेल्या बायकांचे ठसे झिजलेले असतात. दोनदा-तीनदा बोट नाकारलं की माणूस हिरमुसून परत फिरतो. परत फिरू नका. डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवा, असं ऑपरेटरला स्पष्ट सांगा. बाईंचं काम तसंच झालं. ऑक्टोबर २०२५ पासून या बदलाचं शुल्क ७५ रुपये आहे, आधी ५० होतं. त्याहून जास्त मागितले तर देऊ नका, पावतीवर आकडा छापलेला असतो. तक्रार किंवा चौकशीसाठी १९४७ हा फोन आहे. ज्यांना घराबाहेर पडणं शक्य नाही, त्यांच्यासाठी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमनही मोबाइल नंबर नोंदवून देतात. जवळच्या टपाल कार्यालयात विचारा. शिवाय नव्या आधार अ‍ॅपमधून चेहऱ्याच्या पडताळणीने घरबसल्या नंबर बदलण्याची सोयही प्राधिकरणाने जाहीर केली आहे. तुमच्या फोनवर ती चालत असेल तर आधी करून पाहा.

पावती नीट वाचा. नवा नंबर दहाच्या दहा अंक ताडून मगच खिडकी सोडा. एका गृहस्थांच्या पावतीत एक अंक उलटसुलट झाला होता. ते तीन आठवडे वाट बघत बसले आणि शेवटी पुन्हा रांगेत उभे राहिले. पावतीवर अर्जाचा क्रमांक असतो, त्यावरून myAadhaar वर काम कुठवर आलंय ते दिसतं. काही दिवसांत होतं, कधी महिनाही लागतो.

त्याच सोमवारी आम्ही दुसरीकडेही दोरी टाकून ठेवली. आयकर पोर्टलच्या मदत कक्षाला ईमेलने अर्ज करता येतो. पत्ता efilingwebmanager@incometax.gov.in असा आहे, पाठवण्याआधी पोर्टलच्या मदत पानावर एकदा ताडून घ्या. सोबत पॅन कार्ड, फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा यांच्या स्कॅन प्रती जोडायच्या. प्रत्येक प्रतीवर स्वतःची सही हवी. शिवाय एक सही केलेलं पत्र : नोंदवलेला नंबर आणि ईमेल माझ्या ताब्यात का नाही, आणि पासवर्ड बदलून हवा आहे. पत्रातला फोन आणि ईमेल पॅनधारकाचाच असावा. मुलाच्या किंवा नव्या सल्लागाराच्या ईमेलवरून पाठवलेला अर्ज मागे येऊ शकतो. म्हणून बाईंसाठी आधी त्यांच्याच फोनवर नवा ईमेल काढला. ही सोय शेवटचा उपाय आहे. कागद तपासणारा माणूस असतो, किती दिवस लागतील ते आपल्या हातात नसतं. पण आधारची वाट बघताना ती समांतर चालू ठेवायला काही खर्च नाही.

या आठवडाभरात एका सायबर कॅफेवाल्याने बाईंना सांगितलं, ‘कशाला एवढी यातायात, नवीन पॅन काढू, नवीन खातं उघडू.’ असा सल्ला कुणी दिला तर तिथून निघा. एका व्यक्तीला एकच पॅन ठेवता येतो. दुसरा काढल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि कापलेला टीडीएस जुन्याच पॅनवर जमा आहे, नव्या खात्यात तो दिसणारही नाही. जुन्याच पॅनने Register करून पाहिलंत तर पॅन आधीच नोंदलेला आहे एवढंच उत्तर येईल. तसंच मदत कक्षाचा फोन गुगलवर शोधू नका. वर येणारे नंबर कित्येकदा ठगांचे असतात, ते फोनवर एखादं अ‍ॅप टाकायला लावतात. पोर्टलचे स्वतःचे नंबर १८०० १०३ ००२५ आणि १८०० ४१९ ००२५ असे आहेत.

आठव्या दिवशी, म्हणजे पुढच्या मंगळवारी, बाईंच्या फोनवर आधारचा संदेश आला. पुन्हा Forgot Password घेतलं, आधारचा ओटीपी निवडला, संमतीच्या चौकटीत खूण केली. ओटीपी १५ मिनिटं चालतो आणि टाकायच्या तीन संधी असतात, घाई करायची गरज नाही. नवा पासवर्ड ८ ते १४ अक्षरांचा लागतो : एक मोठं इंग्रजी अक्षर, एक लहान, एक अंक आणि एक खूण. खातं उघडलं.

इथे बरेच जण सुटकेचा निःश्वास टाकून लॅपटॉप बंद करतात. तसं करू नका. आधारमध्ये नंबर बदलला म्हणजे आयकर पोर्टलवरचा नंबर बदलला असं होत नाही. त्या दोन स्वतंत्र वह्या आहेत. पोर्टलच्या वहीत अजून सल्लागारांचाच फोन आणि ईमेल होता, आणि खात्याच्या सगळ्या नोटिसा त्याच पत्त्यावर जात होत्या. म्हणून शिरल्या-शिरल्या My Profile मध्ये Contact Details उघडून बाईंचा मोबाइल आणि नवा ईमेल टाकला. दोन्हीवर आलेले ओटीपी भरले आणि पान पुन्हा उघडून बदल झाल्याची खात्री केली. त्याचबरोबर e-Filing Vault पाहिलं. ती जादा कुलपाची सोय आहे. तिथे कुणी एकच मार्ग राखून ठेवला असेल तर बाकीची दारं बंद होतात. सल्लागाराने डिजिटल सहीचं कुलूप लावलेलं असेल तर पुढच्या वेळी आधारचा ओटीपीसुद्धा चालायचा नाही. बाईंच्या खात्यात काही लावलेलं नव्हतं.

मग Pending Actions खाली e-Proceedings उघडलं आणि परतावा का येत नव्हता ते कळलं. रिटर्न सदोष असल्याची नोटीस होती. टीडीएस मागितला होता, पण ज्या व्याजावर तो कापला ते एक लाख वीस हजारांचं व्याज उत्पन्नात दाखवलंच नव्हतं. अशा नोटिशीला उत्तर द्यायला १५ दिवस असतात. उत्तर गेलं नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरलं जाऊ शकतं. नोटीस काढून अकरा दिवस झाले होते. ईमेल वेळेवर गेला होता, फक्त तो बंद पेटीत पडला होता.

चार दिवस हातात होते. दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या कर सल्लागारांना बसवून व्याज दाखवलेलं दुरुस्त रिटर्न नोटिशीच्या उत्तरात दाखल केलं आणि आधारच्या ओटीपीने त्याची पडताळणीही लगेच केली. पेन्शन आणि व्याज मिळून बाईंचं उत्पन्न पावणेसहा लाखांच्या आत होतं, सवलत धरून कर शून्य. त्यामुळे व्याज दाखवूनही परताव्यात काही घट आली नाही. या वेळी सल्लागारांनी ओटीपी मागितला तेव्हा बाईंनी तो आकडा वाचून दाखवायच्या आधी विचारलं, ‘हा कशाचा?’

दोन प्रश्न चिठ्ठीवर आले आहेत, ते घेऊ.

पहिला परदेशातून आहे. भारतातलं सिम बंद झालंय आणि आधार केंद्रावर यायला वर्ष आहे. तुमच्यासाठी नेट बँकिंगचा रस्ताच सोयीचा, कारण बँका परदेशी नंबर आणि ईमेल नोंदवून घेतात. तो आधी बँकेकडून चालू करून घ्या. आत शिरलात की पोर्टलवर परदेशी नंबर आणि चालू ईमेल टाका. आणि ईमेलही अधूनमधून उघडत जा. गुगल दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकू शकतं, मग फोनही नाही आणि पेटीही नाही अशी गत होते.

दुसरा प्रश्न : यजमान वारले, त्यांच्या खात्याचा ओटीपी कसा मिळवायचा? मिळवायचा नाही. मृत व्यक्तीच्या नावाने लॉगिन करणं हा मार्गच नव्हे. वारसाने स्वतःच्या पॅनने लॉगिन करायचं, Authorised Partners मध्ये Register as Representative घ्यायचं आणि मृत्यूचा दाखला, मृत व्यक्तीचा पॅन आणि वारसाचा पुरावा जोडायचा. मंजुरी आली की स्वतःच्याच खात्यातून त्यांचं शेवटचं रिटर्न भरता येतं आणि अडकलेला परतावाही मागता येतो. म्हणजे तिथेही आधी तुमचं स्वतःचं खातं तुमच्या नंबरवर चालू असायला लागतं.